परदेशात नवऱ्याकडे आल्यावरचे पहिले चौदा आठवडे: भाषा आणि कागदपत्रांचं वेळापत्रक, चुका आणि खर्चासकट

२५ फेब्रुवारी २०२४, रविवार, ठाणे

पुढच्या रविवारी जर्मनीत न्युर्नबर्गला निघतेय, नवरा तिथे नोव्हेंबरपासून आहे, ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणाऱ्या निवास परवान्यावर. मला तिथे अजून नोकरी नाही आणि आल्या आल्या मिळेल असंही वाटत नाही, त्यामुळे दिवस कसा लावायचा हे इथेच नौपाड्यात बसून ठरवतेय. माझी कळव्याची मैत्रीण जुलैमध्ये जाणार आहे तिने सांगितलं की सगळं लिहून ठेव, म्हणून ही नोंद.

ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी ए-वन, म्हणजे जर्मनची अगदी पहिल्या पातळीची परीक्षा लागत नाही, त्यामुळे मी क्लास लावला होता पण शेवटचा महिना बॅग भरण्यात गेला आणि परीक्षा दिलीच नाही. म्हणजे अर्धवट ए-वन. आज केलेलं वेळापत्रक असं: सोमवार ते शुक्रवार रोज सहा तास जर्मन, कागदपत्रं "लागतील तशी". आठवड्याला तीस तास. वहीत छान रंगीत चौकटी केल्यात.

बरोबर घेतलेले कागद: ठाणे महानगरपालिकेचा विवाह नोंदणी दाखला, मार्कशीट्स, अनुभवाची पत्रं, जन्मदाखला. डिग्री सर्टिफिकेट आईच्या नावाच्या लॉकरमध्ये आहे, आत्ता काढायला वेळ नाही, नंतर दादाकडून स्कॅन मागवेन. (ही पहिली चूक, पुढे येईल.)

१० मार्च, रविवार

पहिला आठवडा संपला. तीस तासांपैकी नऊ झाले. थकवा, थंडी, घर लावणं हे आहेच पण खरं कारण वेगळं आहे. रोज काहीतरी छोटा कागद मध्ये येतो आणि तो छोटा नसतो. बुधवारी बसलेच होते पुस्तक घेऊन, तेवढ्यात नवऱ्याचा मेसेज की नोंदणीची अपॉइंटमेंट मंगळवारची मिळाली, कागद काढून ठेव, आणि त्यात पूर्ण दुपार गेली.

नोंदणी म्हणजे आनमेल्डुंग. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या ऑफिसात जाऊन आपण या पत्त्यावर राहतो असं नोंदवायचं. याच्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही, टॅक्स नंबर नाही, निवास परवान्याचा अर्ज नाही, म्हणून पहिल्या आठवड्यात दुसरं काही नका ठेवू, हेच ठेवा.

विवाह दाखल्याचं जर्मन भाषांतर शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडून करून घेतलंय. दाखल्यावर मराठीबरोबर इंग्रजी आहे त्यामुळे इंग्रजी भागावरून झालं, मराठी येणारा माणूस शोधायला लागला नाही. ६५ युरो, पोस्टाने यायला नऊ दिवस लागतील म्हणाले.

१३ मार्च, बुधवार

काल अपॉइंटमेंट फुकट गेली. पासपोर्ट होता, व्हिसा होता, भाडेकरार होता, नवरा अर्धा दिवस सुट्टी घेऊन बरोबर होता. काउंटरवरच्या बाईंनी एकच कागद मागितला, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणजे घरमालकाने सही करून दिलेलं की ही व्यक्ती अमुक तारखेपासून इथे राहायला आली. आमच्याकडे होता तो नोव्हेंबरचा, त्याच्यावर फक्त नवऱ्याचं नाव. मी म्हटलं भाडेकरार आहे ना. भाडेकरार चालत नाही. प्रत्येक नवीन माणसाचं नाव आणि आल्याची तारीख त्या फॉर्मवर मालकाच्या सहीने यावी लागते, मग तो माणूस बायको का असेना.

दुसरी तारीख मिळाली २१ मार्चची. म्हणजे दोन आठवड्यांची मुदत (आमची १७ ला संपते) उलटून. आधीच्या अपॉइंटमेंटचा ईमेल प्रिंट करून ठेवलाय, विचारलं तर दाखवायला.

मैत्रिणीला: तू यायच्या आधीच नवऱ्याला सांग की मालकाकडून तुझ्या नावाचा फॉर्म तयार ठेव, तारीख तेवढी तू आल्यावर टाका. आम्हाला मालकाची सही मिळायला चार दिवस लागतील असं दिसतंय.

१७ मार्च, रविवार

वेळापत्रक दुसऱ्यांदा केलं. सहा तास जर्मन हे एकटीने घरी बसून होत नाही, दीड तासानंतर डोक्यात काही शिरत नाही हे आठवडाभर बघितलं. आता सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी सकाळी साडेनऊ ते अकरा जर्मन. मंगळवार आणि गुरुवार सकाळी आठ ते बारा कागद, कारण ऑफिसं सकाळीच धड उघडी असतात. शनिवारी सकाळी बाजार, रविवारी सगळी दुकानं बंद असतात हे पहिल्याच रविवारी कळलं, घरात दूधसुद्धा नव्हतं. आणि शनिवारी साडेआठला ठाण्याचा फोन, तेव्हा तिथे दुपारचा एक वाजलेला असतो, दादा घरी असतो, त्याला त्या आठवड्यातली ठाण्याची कामं सांगायची.

२४ मार्च, रविवार

नोंदणी झाली, गुरुवारी, वीस मिनिटांत. उशिराबद्दल कोणी काही विचारलं नाही, दंडही नाही. विवाह दाखला आणि भाषांतर बघून लग्नाची नोंदही केली. ही नोंद मुद्दाम करून घ्या, कारण नवऱ्याचा टॅक्स वर्ग, म्हणजे पगारातून दर महिन्याला किती टॅक्स कापायचा तो गट, त्याच्यावर ठरतो.

इथे नावाचा एक मुद्दा आहे जो आपल्या मराठी लोकांनाच येतो. माझ्या पासपोर्टवर आडनाव माहेरचं, वैद्य, आणि नावाच्या रकान्यात माझं नाव आणि पुढे बाबांचं नाव. जर्मनीत मधलं नाव म्हणजे वडिलांचं हा प्रकार नाही, त्यांच्या दृष्टीने आडनाव सोडून जे आहे ते सगळं माझं पहिलं नाव. त्यामुळे आता मी सरकारी कागदांवर दोन पहिल्या नावांची बाई आहे. त्याने अडत काही नाही, पण मग प्रत्येक फॉर्मवर तसंच्या तसं लिहायचं, एका ठिकाणी बाबांचं नाव टाकलं आणि दुसऱ्या ठिकाणी गाळलं असं करायचं नाही.

श्टॉयर-आयडी, म्हणजे अकरा आकडी टॅक्स नंबर, आपोआप पोस्टाने येतो. साधारण तीन-चार आठवडे धरायचे.

आरोग्य विमा: नवरा सरकारी पद्धतीच्या विम्यात आहे, त्यामुळे कमाई नसलेली बायको वेगळा हप्ता न भरता त्याच्यातच येते. एक प्रश्नावली भरायची आणि आडनावं वेगळी असल्यामुळे विवाह दाखला जोडायचा. केलं. कार्ड पोस्टाने येईल.

ठाण्याची बाजू: दादा काल लॉकरला गेला, बँक बंद. चौथा शनिवार. उद्या सोमवारी धुळवड, शुक्रवारी गुड फ्रायडे, आणि लॉकर आईच्या नावावर, तिला बरोबर न्यावं लागतं, तिचा गुडघा दुखतोय. आता ३० तारखेला, तो पाचवा शनिवार आहे, बँक चालू. डिग्रीचं मूल्यांकन, म्हणजे आपली डिग्री जर्मनीत कशाच्या बरोबरीची ते, करून घ्यायचंय, त्याचा अर्ज या एका कागदासाठी थांबलाय. लॉकरमधलं काढायला ठाण्यात असताना एक सकाळ लागली असती.

१ एप्रिल, सोमवार

आजही सुट्टी, ईस्टर सोमवार. शुक्रवारपासून चार दिवस सगळी ऑफिसं बंद आणि मी गुरुवारी दुपारसाठी ठेवलेलं कामही राहिलं कारण त्या दिवशी अर्धं शहर लवकर घरी गेलं होतं. पुढच्या तीन महिन्यांच्या सुट्ट्या आज वहीत लिहून काढल्या: १ मे, ९ मे, २० मे, ३० मे. शेवटची आमच्या बव्हेरिया राज्यात आहे, सगळ्या राज्यांत नसते. ९ आणि ३० मे गुरुवारी येतात, त्या आठवड्यांत कागदाचा एकच दिवस मिळतो.

काल घड्याळ एक तास पुढे गेलं. ठाण्याशी साडेचारचा फरक आता साडेतीन झाला. माझ्या साडेआठला तिथे बारा, आईची स्वयंपाकाची वेळ, म्हणून फोन साडेनऊला नेला.

डिग्री सर्टिफिकेट लॉकरमधून निघालं! दादाने गोखले रोडवरून व्यवस्थित स्कॅन करून पाठवलं, मोबाइलचा फोटो पाठवू नको म्हणून आधीच बजावलं होतं. मूल्यांकनाचा ऑनलाइन अर्ज केला, फी २०८ युरो. आतापर्यंतचा सगळ्यात मोठा खर्च हाच.

१० एप्रिल, बुधवार

काल पाडवा. गुढी खिडकीत लावली, बाल्कनी नाही. साखरेच्या गाठी सासूबाईंनी बरोबर दिल्या होत्या.

परवापासून मला ताप आणि घसा. विम्याचं कार्ड अजून आलेलं नाही. मी दोन दिवस डॉक्टरकडे गेलेच नाही, कार्डाशिवाय घेणार नाहीत असं धरून. आज नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं की एरझात्सबेशायनिगुंग मागा, म्हणजे कार्डाऐवजी चालणारं पत्र. विमा कंपनीला फोन केला की ती सरळ डॉक्टरकडे पाठवते किंवा ईमेल करते. एका फोनचं काम, हे माहीत नसल्यामुळे दोन दिवस तापात घरी बसले.

तो फोन मीच केला. नवरा म्हणाला मी करतो, मी म्हटलं नाही. आणि तिथे एक गोष्ट सापडली जी कोणत्याच क्लासमध्ये एवढ्या ठळकपणे सांगितली नव्हती. आडनावाचं स्पेलिंग मी इंग्रजी उच्चारांनी सांगितलं, व्ही, ए, आय, डी, वाय, ए. जर्मनमध्ये व्ही ला "फाउ" म्हणतात आणि "वे" म्हटलं की ते डब्ल्यू. मी "व्ही" म्हटलं, पलीकडच्या माणसाने डब्ल्यू लिहिला. मी "ए" म्हटलं, त्याने ई लिहिला, कारण जर्मन ई चा उच्चार "ए" आहे आणि जर्मन ए चा "आ". म्हणजे पहिली दोनच अक्षरं आणि दोन्ही चुकीची, त्याला यादीत माझं नावच मिळेना. पाच मिनिटांनी जन्मतारखेवरून सापडले.

त्या रात्री स्वतःचं नाव जर्मनमध्ये घोकलं: फाउ, आ, ई, डे, उप्सिलोन, आ. रस्त्याचं नाव, ईमेल, नवऱ्याचं नाव पण. हे पहिल्या आठवड्यात करायला हवं होतं, "माझा छंद चित्रकला आहे" या धड्याच्या आधी.

१९ एप्रिल, शुक्रवार

चार आठवडे होऊन गेले, ना टॅक्स नंबर, ना विम्याचं कार्ड. नवऱ्याची पत्रं रोज येतायत. मी विमा कंपनीला परत फोन करायचा, टॅक्सच्या ऑफिसला लिहायचं, असं सगळं मंगळवारच्या खात्यात टाकून ठेवलं होतं.

काल सकाळी खाली पोस्टमन दिसला. मी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं, "कोम्ट होयटे पोस्ट फ्युअर वैद्य?", म्हणजे वैद्यसाठी आज काही टपाल आहे का. त्याने माझ्याकडे बघितलं, मग पेटीकडे बोट दाखवलं. पेटीवर एकच नाव, जोशी. तो हळूहळू बोलला म्हणून समजलं: पेटीवर नाव नाही तर तो टाकत नाही, पत्र परत जातं.

इथे पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. आपल्याकडे "बी विंग, तिसरा मजला, ३०४" असलं की नाव काहीही असो पत्र पोचतं, वॉचमन विचारतो, शेजारचे घेतात. इथे इमारतीचा नंबर आणि आडनाव, बस. आडनाव हाच फ्लॅट नंबर. जिचं आडनाव लग्नानंतर बदललेलं नाही ती या पत्त्यावर राहातच नाही असा त्याचा अर्थ होतो.

लगेच कागदावर दोन्ही आडनावं लिहून पारदर्शक चिकटपट्टीने पेटीवर आणि बेलच्या बटणाजवळ लावली. खर्च शून्य. मग सोसायटीसारखं जे व्यवस्थापन असतं त्यांना धातूच्या पट्टीसाठी ईमेल केला, त्याचे १८ युरो घेतले.

आज दोन कामं केली. विमा कंपनीला फोन, यावेळी "फाउ" ने सुरुवात, आणि कार्ड परत आलेलंच होतं त्यांच्याकडे, पुन्हा पाठवतायत. टॅक्स नंबर फोनवर किंवा ईमेलने सांगत नाहीत, केंद्रीय टॅक्स कार्यालयाच्या साइटवर फॉर्म भरून पुन्हा मागवायचा, आणि तो पुन्हा पोस्टानेच येतो. म्हणजे परत काही आठवडे.

याची किंमत: मला टॅक्स नंबर लगेच नोकरीसाठी नको होता, पण नवऱ्याचा टॅक्स वर्ग बदलायच्या अर्जात माझाही नंबर लागतो. लग्नाची नोंद झाली की दोघंही आपोआप चौथ्या वर्गात जातात. एकच कमावत असेल तर तीन-पाच ही जोडी, म्हणजे त्याला तिसरा वर्ग आणि मला पाचवा, घेतली की त्याच्या पगारातून दर महिन्याला कमी टॅक्स कापला जातो, आमच्या बाबतीत साधारण चारशे युरोंचा फरक. अर्ज केल्याच्या पुढच्या महिन्यापासून तो लागू होतो. एप्रिलमध्ये अर्ज गेला असता तर मे पासून मिळाला असता. हे पैसे बुडत नाहीत, वर्षअखेरच्या टॅक्स रिटर्नमध्ये हिशोब होतो, पण आत्ता घर लावताना ते हातात असते तर बरं झालं असतं. तीन-पाच घेतलं आणि त्या वर्षी दोघांनाही पगार मिळाला तर रिटर्न भरणं बंधनकारक होतं हेही लक्षात ठेवा.

२८ एप्रिल, रविवार

वेळापत्रक तिसऱ्यांदा, आणि यावेळी मुळापासून.

दुसऱ्या वेळापत्रकात काय बिघडलं ते आधी सांगते. भाषा एका चौकटीत आणि कागद दुसऱ्या चौकटीत होते. सकाळी मी पुस्तकातून हॉटेलात सूप कसं मागवायचं ते शिकत होते, आणि टेबलावर पडलेली पत्रं संध्याकाळी नवरा आल्यावर त्याच्यापुढे ठेवत होते. तो दहा तास काम करून आलेला, रात्री साडेदहाला आम्ही दोघं भाषांतर करत बसायचो आणि त्यात दोनदा भांडण झालं, पत्रावरून नाही, "तू दिवसभर घरी असतेस" यावरून. ते वाक्य त्याने मागे घेतलं पण ते आलं होतं. मग मी विचार केला की ज्या भाषेत मला आज काम आहे ती भाषा आज टेबलावरच पडलीय, आणि मी ती सोडून सूप मागवतेय.

आता असं आहे. सोमवारी सकाळी दीड तास त्या आठवड्याचं पत्र, एकच. आधी स्वतः वाचायचं, डिक्शनरीशिवाय, फक्त तीन गोष्टी शोधायच्या: कोणाकडून, काय मागतायत, कधीपर्यंत. मग शब्द काढायचे. मग पाच वाक्यं हाताने वहीत उतरवायची. मंगळवारी त्या पत्राचं उत्तर लिहायचं किंवा त्यासाठी जायचं. बुधवारी सकाळी दहाला एक फोन, जर्मनमध्येच, आधी कागदावर लिहून. गुरुवारी राहिलेला कागद आणि पुस्तक, दोन्ही. शुक्रवारी फक्त पुस्तकाचं व्याकरण, कारण तेही लागतंच, पत्रांमधून क्रियापदांची रूपं नीट येत नाहीत. नवऱ्याकडे फक्त गुरुवारी संध्याकाळी वीस मिनिटं, मी लिहिलेलं तपासायला. इतर दिवशी पत्राचा विषय काढायचा नाही, दोघांनीही.

फोन सकाळीच का, तर मागच्या बुधवारी तीन वाजता डॉक्टरकडे केला आणि कोणी उचलला नाही, बुधवारी दुपारी बरेच दवाखाने बंद असतात.

१२ मे, रविवार

दोन आठवडे हे वेळापत्रक चाललं, ९ तारखेची सुट्टी धरून. दहा-अकरा तास भरतात आठवड्याला, तीस नाही, पण ते खरोखर होतात.

विम्याचं कार्ड आलं. टॅक्स नंबर शुक्रवारी, १० तारखेला आला. उद्या टॅक्स वर्गाचा अर्ज जाईल, म्हणजे जूनपासून.

पत्रांतून जे शब्द परत परत आले ते मोजले तर फार नाहीत. उंटरलागन म्हणजे कागदपत्रं, फ्रिस्ट म्हणजे मुदत, उंटरश्रिफ्ट म्हणजे सही, बायफ्युगन म्हणजे सोबत जोडणं, आक्टनत्साइशन म्हणजे फाइलचा क्रमांक जो उत्तरात वर लिहायचाच. आणि नाखराइशन. डिग्रीच्या अर्जावर उत्तर आलं त्यात हा शब्द होता आणि मी सोमवारी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं अर्ज फेटाळला, पोटात गोळा आला. नाखराइशन म्हणजे राहिलेलं मागाहून देणं. एका मार्कशीटची मागची बाजू स्कॅन केलेली नव्हती, एवढंच. या शब्दाचं पत्र म्हणजे नकार नाही, फाइल चालू आहे, फक्त "बिस त्सुम" च्या पुढे जी तारीख आहे तोपर्यंत पाठवा.

आकड्यांबद्दल. क्लासमध्ये सगळे आकड्यांना घाबरायचे कारण जर्मनमध्ये एकवीसला "एक-आणि-वीस" म्हणतात, उलटं. मीही इंग्रजीतून विचार करून अडखळायचे, ट्वेंटी-वन, मग फिरवा. एक दिवस लक्षात आलं की मराठीत आपण हेच म्हणतो. एकवीस, पंचवीस, सत्तेचाळीस, एकक आधी आणि दशक नंतर. "झीबेनउंडफिर्त्सिश" ऐकलं की सात आणि चाळीस, सत्तेचाळीस. इंग्रजी मध्ये आणायचंच नाही. फक्त एकोणतीस-एकोणचाळीसवाले नऊचे आकडे वेगळे, तिथे जर्मन सरळ नऊ-आणि-वीस म्हणतो. आता फोनवर टेलिफोन नंबर आणि तारखा मी मराठी आकड्यांत लिहून घेते, चूक होत नाही. आई रोज फोनवर दहा आकडे मराठीत म्हणते, मी जर्मनमध्ये परत म्हणते, दोन मिनिटांचा खेळ.

१९ मे, रविवार

१६ तारखेला निवास परवान्याची अपॉइंटमेंट होती. माझा व्हिसा महिनाअखेर संपतो, अर्ज एप्रिलमध्येच ऑनलाइन टाकला होता. हे महत्त्वाचं, व्हिसा संपायच्या आधी अर्ज गेलेला असला पाहिजे, कार्ड नंतर आलं तरी चालतं, मध्ये गरज पडली तर तात्पुरतं पत्र देतात. नेलेले कागद: पासपोर्ट, बायोमेट्रिक फोटो, नोंदणीचा दाखला, विवाह दाखला भाषांतरासकट, भाडेकरार, नवऱ्याच्या तीन पगारपावत्या, विम्याचं पत्र. फी १०० युरो. स्टेशनवरच्या मशीनमध्ये काढलेला पहिला फोटो चष्म्यावर उजेड पडल्यामुळे वाया गेला होता, चष्मा काढून परत काढला.

बाईंनी मला एक-दोन प्रश्न जर्मनमध्ये विचारले, कधी आलात, काय शिकलात. मी उत्तर दिलं. तिसऱ्याला अडकले आणि नवऱ्याकडे बघितलं, पण पहिली दोन माझी होती.

कार्डावर नोकरी करण्याची परवानगी असते, वेगळी मागावी लागत नाही. तिथेच इंटेग्राशिओन्सकुर्सचा पात्रता दाखला मिळाला. हा सरकारी अनुदानाचा कोर्स, ६०० तासिका भाषा आणि १०० तासिका इथले कायदे-इतिहास. तासिका ४५ मिनिटांची. आमच्यासारख्यांना तासिकेला २ युरो २९ सेंट भरायचे, म्हणजे शंभर तासिकांच्या एका टप्प्याला २२९ युरो. खाजगी क्लास मी मार्चमध्ये विचारले होते, याच्या दुपटीहून जास्त सांगत होते, घाईत पैसे भरले नाहीत ते बरं झालं.

२६ मे, रविवार

२० तारीख सुट्टीत गेली. बुधवारी कोर्सची पातळी ठरवायची चाचणी दिली. मला वाटलं होतं तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे ए-टू मध्ये घेतील. दुसऱ्यात टाकलं. लेखी चांगलं झालं, पत्र लिहायला सांगितलं होतं आणि तेच तर मी करतेय, पण बोलताना भूतकाळाची वाक्यं जुळेनात. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. माझ्या वेळापत्रकात बोलणं म्हणजे आठवड्याला एक फोन, तोही लिहून काढलेला, समोरच्याने अनपेक्षित काही विचारलं की संपलं. हा या वेळापत्रकाचा दोष आहे आणि तो मला उशिरा दिसला.

उपाय म्हणून या आठवड्यापासून रोज संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या आजींबरोबर पंधरा मिनिटं चालायला जाते. पोस्टाच्या पेटीवर चिकटपट्टी लावताना त्यांनीच कात्री दिली होती. त्या विचारतात आज काय केलंस, आणि त्याचं उत्तर भूतकाळातच द्यावं लागतं.

९ जून, रविवार

उद्यापासून कोर्स, सोमवार ते शुक्रवार सकाळी, रोज पाच तासिका. म्हणजे कागदांच्या सकाळी गेल्या. नवीन मांडणी अशी: पत्र सोमवारी दुपारी अडीचला, फोन बुधवारी कोर्सच्या मधल्या सुट्टीत, कारण दुपारी लागत नाहीत. प्रत्यक्ष जायचं काम असेल तर गुरुवारी दुपारी, बऱ्याच ऑफिसांना तो एक दिवस उशिरापर्यंत असतो, ज्यांना नसतो त्यांच्यासाठी कोर्समध्ये आधी सांगून सकाळ घ्यायची, सही लागते हजेरीला. शनिवारचा ठाण्याचा फोन तसाच साडेनऊला.

जूनचा पगार अजून यायचाय, त्यात टॅक्स वर्ग बदललेला दिसला पाहिजे, बघून लिहीन. डिग्रीचं उत्तर नाही आलेलं. निवास कार्डही यायचंय.

मैत्रिणीचा व्हिसा शुक्रवारी आला. तिचंही आडनाव माहेरचंच आहे. तिच्या नवऱ्याला काल मेसेज केला, पेटीवर आणि बेलवर दोन्ही नावं आत्ताच लाव, मालकाकडून तिच्या नावाचा फॉर्म घेऊन ठेव, आणि लॉकरमधली डिग्री ती निघायच्या आधी बाहेर काढा. संध्याकाळी त्याने पेटीचा फोटो पाठवला, दोन नावं आहेत. तिचं आडनाव त्याने व्ही ऐवजी डब्ल्यूने लिहिलं होतं, ते बदलायला सांगितलंय, पासपोर्टवर आहे तसंच पाहिजे.